लग्नाच्या परिचयपत्रात आजार किंवा अपंगत्व कसं लिहावं? आमच्याकडे नेहमी येणारे प्रश्न

अमळनेरला आमच्या समाजाची वधू-वर परिचय पुस्तिका निघते. तिचे फॉर्म तपासण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडून फॉर्म येतात, आणि त्यातला एक रकाना सगळ्यांना अडवतो: 'आरोग्य'. कुणी तो कोरा सोडतं, कुणी 'उत्तम' लिहून मोकळं होतं, तर कुणी तिथे दवाखान्याची अख्खी फाईल उतरवतं. मग फोन येतात. मला स्वतःला सतराव्या वर्षापासून फिट्सचा आजार आहे, त्यामुळे या रकान्यात काय लिहिलं की काय होतं हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र देते. उदाहरणं जास्त करून फिट्सची आहेत, कारण तो आजार मला आतून माहीत आहे.

### परिचयपत्रात लिहायलाच हवं का? बघण्याच्या कार्यक्रमात तोंडी सांगितलं तर चालणार नाही का?

आधी कोणत्या आजाराबद्दल बोलतो आहोत ते ठरवू. दर हिवाळ्यात सर्दी होते, दोन वर्षांपूर्वी अपेंडिक्स काढलं, चष्मा आहे, यातलं काही लिहायची गरज नाही. जो आजार रोज औषध मागतो, जो सोबत राहणाऱ्या माणसाला एखाद्या रात्री धावपळ करायला लावू शकतो, किंवा ज्यामुळे मूल, नोकरी, प्रवास यांचं नियोजन बदलतं, तो लिहावा. फिट्स, इन्सुलिनवर असलेला मधुमेह, सिकलसेलचा आजार, संधिवात, ऐकू कमी येणं, पायातलं अपंगत्व ही त्यातली.

तोंडी का नको, त्याचं कारण आपल्याकडच्या रीतीत आहे. खान्देशात स्थळ बघायला दोघं-तिघं येत नाहीत. मुलाचे आईवडील, काका, मामा, मध्यस्थ, शेजारचे एक जाणते, असे दहा-बारा जण गाडी करून येतात. पोहे होतात, चहा होतो, आणि मग मुलीचे वडील घसा खाकरून म्हणतात, "एक गोष्ट सांगायची होती." त्या क्षणी सगळ्या खोलीचं लक्ष मुलीकडे जातं. जो मुलगा घरी विचार करून हो म्हणाला असता, त्याला तिथे मामांच्या देखत काहीच बोलता येत नाही. नकार द्यावासा वाटला तरी तो तोंडावर देता येत नाही, मग आठ दिवस फोन उचलला जात नाही. तीच ओळ परिचयपत्रात असेल तर ज्यांना जमणार नाही ते घरूनच थांबतात, आणि जे येतात ते वाचून आलेले असतात.

माझ्या वेळी घरच्यांनी लिहिलं नव्हतं. साखरपुड्यानंतर तीन आठवड्यांनी तिकडच्या मंडळींना माझ्या गोळ्यांचं पाकीट दिसलं आणि सोयरीक मोडली. त्या लोकांना मी आज दोष देत नाही. त्यांना आजाराचा राग नव्हता, चार बैठका होऊनही आपण हे सांगितलं नाही याचा राग होता.

### ही ओळ नेमकी कुठे टाकायची?

परिचयपत्राचा क्रम आपल्याला पाठ आहे: नाव, जन्मतारीख-वेळ, उंची, रास-नाडी, शिक्षण, नोकरी किंवा शेती, आईवडील, भावंडं, मामकुळ, अपेक्षा, संपर्क. बरेच जण आरोग्याची ओळ उंचीनंतर लगेच लिहितात, कारण दोन्ही 'शरीराच्या' गोष्टी वाटतात. तिथे लिहिलं की पुढचं शिक्षण, नोकरी सगळं त्या आजाराच्या चष्म्यातून वाचलं जातं. "एम.एस्सी. आहे, पण फिट येतात" असं ते वाक्य वाचणाऱ्याच्या मनात तयार होतं.

दुसरी चूक म्हणजे सगळ्यात खाली, 'अपेक्षा'च्याही नंतर, बारीक अक्षरात 'टीप' म्हणून टाकणं. पानाच्या शेवटची ओळ डोक्यात राहते. शिवाय ती तिथे लपवल्यासारखी दिसते आणि माणूस वरचंही संशयाने पुन्हा वाचायला लागतो.

मी ती नोकरी आणि रोजचं काम सांगून झाल्यावर, कुटुंबाच्या माहितीच्या आधी घेते. तोवर वाचणाऱ्याला हे माणूस दिवसभर काय करतं ते कळलेलं असतं, आणि ओळ संपली की पुढे भाऊ, बहीण, मामकुळ, शेती येतंच. अक्षराचा आकार बाकीच्या पानासारखाच. ठळक नको, लाल नको, चौकटीत तर अजिबात नको.

### आणि त्या ओळीत काय लिहायचं?

चार गोष्टी पुरतात. आजाराचं नाव, कधीपासून आहे, आज काय स्थिती आहे, आणि रोजच्या जगण्यात त्यामुळे काय वेगळं करावं लागतं. चौथी गोष्ट लोक विसरतात, आणि खरं तर समोरच्याला तीच हवी असते. आजाराच्या नावावरून त्याला भीती वाटते, पण दिवस कसा जातो हे कळलं की त्याला विचार करता येतो.

चोपड्याकडची एक मुलगी होती. 2024 मध्ये तिचा फॉर्म आला तेव्हा ती 27 वर्षांची होती, बी.एस्सी. बी.एड., शाळेत विज्ञान शिकवायची. वडिलांनी फॉर्ममध्ये लिहिलं होतं:

"लहानपणी किरकोळ फिट येत होत्या, आता पूर्ण बरी आहे."

मी फोन करून विचारलं तेव्हा कळलं की फिट्स सोळाव्या वर्षी सुरू झाल्या, गोळ्या आजही दोन वेळा चालू आहेत आणि शेवटची फिट दोन वर्षांपूर्वी आली होती. म्हणजे 'लहानपणी' खरं नाही, 'किरकोळ' खरं नाही आणि 'पूर्ण बरी' तर मुळीच नाही. वडील खोटारडे नव्हते. लेकीला कुणी नाव ठेवू नये म्हणून त्यांनी प्रत्येक शब्द थोडा थोडा मऊ केला होता, इतकंच.

मग मुलीने स्वतः लिहून पाठवलं. ते सव्वा पान होतं. पहिली फिट प्रयोगशाळेत कशी आली, जळगावला कुठे दाखवलं, पहिल्या गोळीने अंगावर पुरळ कसं उठलं, बारावीचं एक वर्ष कसं गेलं, आणि शेवटी 'मी खचले नाही'. मला ते वाचताना भरून आलं, कारण त्यात माझंही बरंच होतं. पण परिचयपत्र म्हणून ते चालणारं नव्हतं. तिच्या शिकवण्याला त्यात एक ओळ होती आणि आजाराला तीस. विज्ञान प्रदर्शनात तिच्या वर्गाने ठिबक सिंचनाचा नमुना केला होता, ते मला फोनवर बोलताना कळलं, कागदावर कुठेच नव्हतं.

आम्ही दोघींनी बसून जे ठरवलं ते असं:

"आरोग्य: सोळाव्या वर्षापासून फिट्सचा आजार (अपस्मार). रोज दोन वेळा गोळी. शेवटची फिट मार्च 2022 मध्ये. नोकरी, घरकाम, प्रवास नेहमीप्रमाणे. स्वतः गाडी चालवत नाही, शाळेत एसटीने जाते. रात्रीची झोप सांभाळते."

आणि नोकरीच्या ओळीत ठिबकचा नमुना आला. आवडीनिवडीत आधी 'वाचन, संगीत' असं सगळेच लिहितात तसं होतं, त्या जागी 'उन्हाळ्यात आजीबरोबर बिबडे-पापड, वर्षाला दोन पायल्यांचे' असं आलं. आरोग्याची ओळ लांबीने लहान करून भागत नाही, तिच्या आजूबाजूच्या ओळीही तितक्याच खऱ्या आणि भरीव असाव्या लागतात. बाकी सगळं पान 'सुशील, गृहकृत्यदक्ष' अशा गुळगुळीत शब्दांचं असेल आणि आजाराचीच ओळ नेमकी असेल, तर लक्षात तीच राहणार.

गाडीबद्दल का लिहिलं, असं तिच्या वडिलांनी विचारलं. वाहन परवान्याच्या अर्जातल्या शारीरिक क्षमतेच्या घोषणेत अपस्मार आहे का, असा थेट प्रश्न असतो. त्यामुळे फिट्स असलेल्या माणसाला परवान्याची अडचण येतेच. लग्नानंतर "सूनबाई, स्कूटीवर जाऊन भाजी आणा" असं कुणी म्हटलं की तेव्हा कारणं सांगत बसण्यापेक्षा आधी एक वाक्य बरं.

### 'पूर्ण बरी' लिहिलं तर काय बिघडतं? दोन वर्षं काहीच झालेलं नाही.

गोळी चालू असताना फिट न येणं म्हणजे आजार आटोक्यात असणं. बरं होणं वेगळं. मेंदूविकारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2014 मध्ये अपस्मार 'निवळला' कधी म्हणायचं याचं मापच दिलं आहे: दहा वर्षं फिट नाही, आणि त्यातली शेवटची पाच वर्षं औषधही नाही. दोन वर्षं हा चांगला काळ आहे, पण त्याला 'पूर्ण बरी' म्हणता येत नाही.

दुसरी बाजूही सांगते, कारण ती तितकीच खरी आहे. नीट औषध घेतलं तर दहापैकी साधारण सात जणांच्या फिट्स थांबतात. म्हणून 'असाध्य', 'गंभीर आजाराने ग्रस्त', 'पीडित' हे शब्दही चुकीचे आहेत. मी कोणतंच विशेषण ठेवत नाही. शेवटच्या फिटचा महिना आणि वर्ष लिहिलं की वाचणाऱ्याला स्वतः ठरवता येतं. तारीख ही मऊही नसते आणि कठोरही नसते.

शब्दाचं म्हणाल तर 'मिरगी' म्हटलं की जुन्या लोकांच्या डोळ्यापुढे अंगात येणं, बाहेरची बाधा असं काहीबाही उभं राहतं. नुसतं 'अपस्मार' लिहिलं तर निम्म्यांना कळत नाही आणि ते गुगल करत बसतात. 'फिट्सचा आजार' सगळ्यांना कळतं, कंसात अपस्मार ठेवावं.

### औषधांची नावं, एमआरआय, ईईजी जोडायचे का?

नाही. परिचयपत्र मध्यस्थाच्या मोबाइलवरून पन्नास व्हॉट्सअॅप ग्रुपात जातं. रिपोर्टवर तुमचं वय, पत्ता, डॉक्टरांचा शेरा सगळं असतं, आणि तो एकदा गेला की परत येत नाही. गोळीचं नाव दिलं की कुणीतरी दुकानात जाऊन विचारतं आणि अर्धवट ऐकून येतं.

फाईल मात्र तयार ठेवा. दोन्हीकडून मनापासून पुढे जायचं ठरलं, म्हणजे दुसरी-तिसरी भेट झाली, की मुलगा-मुलगी दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावं. माझे यजमान माझ्याबरोबर आले होते. त्यांनी डॉक्टरांना विचारलेला पहिला प्रश्न होता, "हिला शेतावर एकटीला विहिरीजवळ जाऊ द्यायचं का?" डॉक्टर म्हणाले, विहिरीच्या काठावर, पोहायला आणि उंच शिडीवर एकटीने नको, बाकी सगळं चालेल. कागदाच्या कोणत्याही ओळीत हे मावलं नसतं.

मुलींसाठी या भेटीत एक गोष्ट न विसरता विचारायची असते. फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट हे औषध गर्भारपणात बाळाला अपाय करू शकतं. बाळात व्यंग येण्याचा आणि पुढे त्याच्या शिकण्यात अडचणी येण्याचा धोका इतर औषधांपेक्षा त्यात जास्त असतो. म्हणून दिवस जाण्याच्या आधीच, काही महिने हाताशी ठेवून, डॉक्टर औषध बदलता येतं का ते पाहतात आणि फॉलिक अॅसिड सुरू करतात. स्वतःच्या मनाने गोळी बंद करणं सगळ्यात धोक्याचं, अचानक बंद केल्याने मोठी फिट येऊ शकते. हे सगळं जोडीदाराला कळायला हवं. पुस्तिकेच्या सातशे वाचकांना नको.

### कायद्याने सांगणं बंधनकारक आहे का? फिट्स असलेल्याचं लग्नच कायद्यात बसत नाही असं एका नातेवाइकांनी सांगितलं.

ते जुन्या काळचं बोलतात. हिंदू विवाह कायद्यात वधू-वरांच्या अटींमध्ये 'वारंवार फिट्स' असा उल्लेख होता, तो 1999 च्या दुरुस्तीने काढून टाकला. विशेष विवाह कायद्यातूनही त्याच वेळी काढला. आज फिट्स असल्या म्हणून लग्न बेकायदा ठरत नाही.

लपवण्याचा प्रश्न वेगळा आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 प्रमाणे जोडीदाराविषयीची महत्त्वाची वस्तुस्थिती फसवून लपवली आणि त्यावर संमती घेतली, तर ते लग्न रद्द करून मागता येतं. फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि कळल्यानंतर राजीखुशीने एकत्र राहिले असतील तर तो चालत नाही. कोणता आजार 'महत्त्वाची वस्तुस्थिती' ठरतो हे न्यायालय त्या त्या प्रकरणात बघतं. म्हणून मी सगळ्यांना सांगते: आरोग्याची ओळ असलेलं परिचयपत्र मध्यस्थाबरोबरच समोरच्या घरच्या माणसालाही थेट पाठवा आणि तो मेसेज जपून ठेवा. मध्यस्थ कधी कधी चांगल्या हेतूने ती ओळ खोडून पुढे पाठवतात. माझ्यासमोर दोनदा झालं आहे.

### लिहिलं तर भेटीत सगळं बोलणं आजारावरच अडकतं. काय करावं?

अडकणारच, कारण त्यांना भीती वाटते, आणि विचारायचं कसं हे कळत नाही. एखादी आजी सरळ विचारते, "पोरले आजून बी येतस का फिटा?" बाकीचे गप्प बसतात. अशा वेळी आपणच दोन मिनिटांत बोलून टाकावं, आणि बोलताना 'फिट आली तर काय करायचं' हेच सांगावं. आजाराचा इतिहास नको.

चोपड्याच्या त्या मुलीने पहिल्या भेटीत काय सांगितलं ते मला तिने नंतर फोनवर जसंच्या तसं म्हणून दाखवलं: "मला आली तर मी मिनिट-दोन मिनिटं भानावर नसते. मला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं, घड्याळ बघायचं. तोंडात चमचा घालायचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, पाणी पाजायचं नाही. पाच मिनिटांच्या वर गेली तर दवाखाना. नाहीतर मी उठते, तासभर झोपते, मग ठीक."

मुलाच्या काकांनी विचारलं, "कांदा नाही हुंगवायचा? चप्पल?" ती म्हणाली, "काका, फिट आपोआप थांबते, त्याच वेळी कुणी कांदा आणलेला असतो. म्हणून कांद्याने थांबली असं वाटतं." काका हसले नाहीत, नाराजही झाले नाहीत. ते म्हणाले, त्यांच्या गड्याला फिट यायच्या आणि ते इतकी वर्षं चप्पलच हुंगवत होते. तिथून बोलणं त्या गड्यावर गेलं, मग केळीच्या बागेवर, मग तिच्या ठिबकच्या नमुन्यावर. मुलाकडे ठिबकवर केळी होती. पुढचा अर्धा तास दोघं ड्रिपरमध्ये क्षार अडकतात त्याला काय करायचं यावरच बोलत बसले.

हे असं नेहमी जुळून येत नाही. पण 'काय करायचं' हे माहीत झालं की ऐकणाऱ्याची भीती कमी होते आणि बोलणं पुढे सरकतं. आणि आपणही त्यांना विचारावं: तुमच्याकडे बीपी, शुगर कुणाला आहे? औषधं वेळेवर घेता का? आरोग्याचा प्रश्न एकाच बाजूने विचारला गेला की आपण परीक्षेला बसल्यासारखे होतो.

### मला अपंगत्व आहे आणि ते दिसतंच. मग लिहायचं कशाला?

कारण फोटोत ते बहुतेक वेळा दिसत नाही, कमरेवरचाच फोटो काढलेला असतो. पूर्ण उंचीचा, नेहमीच्या कपड्यातला एक फोटो द्या, काठी किंवा कॅलिपर वापरत असाल तर त्यासह.

लिहिताना नुसतं 'दिव्यांग 45 टक्के' लिहू नका. तो आकडा सरकारी कामासाठी आहे. 40 टक्के किंवा जास्त असेल तर राखीव जागा आणि सवलती मिळतात. त्यावरून तुम्हाला जिना चढता येतो का, हे कुणालाच कळत नाही. रावेरकडच्या एका मुलाने आमच्याकडे असं लिहिलं: "डावा पाय पोलिओने अधू, कॅलिपर लावतो. तीनचाकी स्कूटर स्वतः चालवतो. केळीच्या लिलावाचा हिशेब बघतो. बागेत चिखल असला की आत जात नाही." 'चिखल असला की आत जात नाही' या एका वाक्याने बाकी सगळ्यावर विश्वास बसतो.

### आम्ही नंदुरबारकडचे. सिकलसेलचं कार्ड आहे, पण त्रास काहीच नाही. तेही लिहायचं?

आधी कार्डावर काय लिहिलं आहे ते वाचा. सातपुड्याच्या पट्ट्यात तपासण्या खूप झाल्या आहेत, 2023 पासून केंद्राच्या मोहिमेतही होत आहेत, पण 'वाहक' आणि 'रुग्ण' यात लोक फार गल्लत करतात. वाहक म्हणजे आईवडिलांपैकी एकाकडूनच सिकलचा जनुक आलेला. अशा माणसाला सहसा काही त्रास नसतो. रुग्ण म्हणजे दोघांकडून आलेला. त्याला सांधेदुखीचे झटके, रक्त कमी होणं, वारंवार ताप असं होतं, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तो दिव्यांगत्वात धरला जातो.

वाहक असाल तर आरोग्याच्या ओळीत आजार म्हणून लिहू नका. तो आजार नाही. जिथे रक्तगट लिहिता तिथेच लिहा: "रक्तगट बी पॉझिटिव्ह, सिकलसेल वाहक." त्याचा अर्थ लग्न जुळवताना आहे. दोघंही वाहक असले तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. पहिलं मूल निरोगी झालं म्हणून दुसऱ्या वेळची शक्यता कमी होत नाही. समोरच्याचं रक्त पूर्ण नॉर्मल असेल तर मूल रुग्ण होत नाही, निम्मी शक्यता वाहक होण्याची.

इथे एक खाच आहे. शिबिरात जी झटपट विद्राव्यता चाचणी होते ती फक्त सिकल आहे की नाही एवढंच सांगते, वाहक की रुग्ण ते सांगत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस लागते. आणि समोरच्याची फक्त झटपट चाचणी निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण तो थॅलेसेमियाचा वाहक असेल तर ते त्यात दिसत नाही, आणि सिकल व थॅलेसेमिया एकत्र आले तरी मूल आजारी होऊ शकतं. लग्नाआधी दोघांचीही एचपीएलसी करून घ्या.

### घरचे लिहू देत नाहीत. धाकट्या बहिणीचं कसं होईल म्हणतात.

ही भीती मी हलकी मानत नाही, माझ्या आईलाही तीच होती. बहुतेक फिट्स एका भावंडाला आहेत म्हणून दुसऱ्याला येत नाहीत. काही प्रकारांत घराण्याचा भाग असतो, तो डॉक्टर विचारून, तपासून सांगतात. आईवडिलांना एकदा त्यांच्यासमोरच डॉक्टरांना हा प्रश्न विचारू द्या. आपण शंभर वेळा सांगितलं तरी ते त्यांना पटत नाही, डॉक्टरांनी एकदा सांगितलं की पटतं.

तरीही ऐकत नसतील तर निदान एवढं करा: परिचयपत्रात ओळ नसली तरी पहिल्या भेटीच्या आधी मुलगा-मुलगी यांचं फोनवर बोलणं होईल असं बघा आणि तेव्हा स्वतः सांगा. माझ्या मते ही दुसऱ्या क्रमांकाची वाट आहे, पण साखरपुड्यानंतर पाकीट सापडण्यापेक्षा खूप बरी.

### लिहिल्यापासून स्थळं कमी येतात. ओळ काढून टाकू का?

कमी येतात, हे खरं आहे. आमच्या पुस्तिकेत ज्यांच्या आरोग्याच्या ओळीत काही आहे त्यांना फोन कमी जातात, हे मी दरवर्षी बघते आणि दरवर्षी मला त्याचं वाईट वाटतं. ओळ काढली तर फोन वाढतील, पण ते लोक त्या ओळीच्या अलीकडचेच असतील, आणि ती ओळ कधी ना कधी त्यांच्यासमोर येणारच आहे.

काढण्याआधी बाकीचं पान मात्र तपासा. 'अपेक्षा'मध्ये "आजार समजून घेणारा" असं लिहिलं आहे का? मग आजार पानावर दोनदा आला. तिथे तुम्हाला खरंच काय हवं ते लिहा: जळगाव-धुळ्यातच राहणारा, नोकरी चालू ठेवू देणारा, जे असेल ते.

### लिहून झाल्यावर स्थिती बदलली तर?

ओळ बदला आणि ज्यांच्याशी बोलणं चालू आहे त्यांना नवीन पाठवा. चोपड्याच्या मुलीचं केळीवाल्यांकडे तिसऱ्या भेटीपर्यंत आलं होतं आणि श्रावण लागला. घरी कानबाई होती. नागपंचमीनंतरच्या रविवारी स्थापना, रात्रभर गाणी, फुगड्या, सोमवारी सकाळी विसर्जन. झोप सांभाळायची हे तिला माहीत होतं, पण घरातली कानबाई आणि आपण आत जाऊन झोपायचं, हे तिला जमलं नाही. रात्रीची गोळीही उशिरा घेतली. पहाटे रोटाची कणीक मळतानाच तिला फिट आली. दोन वर्षं पाच महिन्यांनी.

सोमवारी दुपारी तिचा मला फोन आला. आवाज बसलेला होता, जिभेला चावल्यामुळे शब्द जड येत होते. तिने एवढंच विचारलं, "ताई, मार्च 2022 खोडायचं ना?" मी म्हटलं, आज झोप, उद्या बघू. ती म्हणाली, उद्या त्यांचा फोन येणार आहे. तिने त्याच संध्याकाळी ओळ बदलून मुलाला स्वतः पाठवली:

"शेवटची फिट ऑगस्ट 2024 मध्ये, रात्रभर जागरण झाल्यामुळे."

रात्री त्याचा मेसेज आला. डॉक्टरांकडे कधी जाणार आहेस, आणि मी आलो तर चालेल का, असं त्याने विचारलं होतं. पुढच्या वर्षी तिची कानबाई सासरी बसली. गाण्याला बाकीच्या बायका होत्या. ती अकरा वाजता गोळी घेऊन आत झोपायला गेली आणि पहाटे विसर्जनाला उठली.